क्षमता शाबूत, सेल आजारी

जुनी बॅटरी घेताना किंवा विकताना एकच प्रश्न विचारला जातो: क्षमता किती उरली? नवी असताना १०० अँपिअर-तास देणारी सेल आज ८० देत असेल, तर तिची तब्येत ८० टक्के. आकडा खोटा नसतो. पण किती गेले एवढेच तो सांगतो, काय गेले ते सांगत नाही, आणि लिथियम-आयन सेलचे पुढचे आयुष्य काय गेले यावरच ठरते. ८० टक्क्यांवर आलेली एखादी सेल पुढे बराच काळ मुकाट चालते, आणि पूर्ण क्षमता दाखवणारी दुसरी अचानक कोसळते. सेल न फोडता हा फरक ओळखण्याची एक पद्धत प्रयोगशाळांमध्ये रुळलेली आहे. तिला इन्क्रिमेंटल कपॅसिटीचा वक्र म्हणतात.

ही पद्धत समजून घ्यायला एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची सेल सर्वांत सोयीची. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीपासून घरच्या इन्व्हर्टरपर्यंत ती आपल्याकडे सगळीकडे पोचली आहे. तिच्या धन बाजूला लिथियम आयर्न फॉस्फेट असते आणि ऋण बाजूला ग्राफाईट. दोन कोठ्या आणि त्यांच्यात इकडून तिकडे ओतले जाणारे एकच धान्य, अशी ही रचना आहे. चार्ज करताना लिथियम फॉस्फेटच्या कोठीतून ग्राफाईटच्या कोठीत जाते, वापरताना परत येते. मग सेल म्हातारी होते म्हणजे काय होते? एक तर धान्य कमी होते, नाही तर कोठी लहान होते. लिथियम कमी होते ते मुख्यतः ग्राफाईटच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या पातळ थरामुळे. हा थर हळूहळू जाड होत राहतो आणि त्यात अडकलेले लिथियम परत मिळत नाही. उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या सेलमध्ये हे वेगाने घडते. कोठी लहान होते ती कणांना तडे गेल्यामुळे, किंवा कणांचा विजेशी संपर्क तुटल्यामुळे. कण जागेवरच असतात, पण निकामी.

आता व्होल्टेजकडे पाहू. सेलचे व्होल्टेज म्हणजे दोन्ही बाजूंच्या विभवांतला फरक. फॉस्फेटची बाजू जवळजवळ सगळा वेळ एकाच पातळीवर, लिथियम धातूच्या तुलनेत ३.४३ व्होल्टच्या आसपास, स्थिर असते. त्यामुळे सेलच्या व्होल्टेजमध्ये जे चढउतार दिसतात ते बहुतेक ग्राफाईटचे असतात. ग्राफाईट तर टप्प्याटप्प्यानेच भरते. लिथियम त्याच्या थरांमध्ये शिरते आणि बरोबर अर्धे भरले की एकाआड एक थर भरलेला असतो. त्या अवस्थेत काळे ग्राफाईट लालसर दिसते आणि पूर्ण भरले की सोनेरी. प्रत्येक टप्प्याला विभव जवळपास थांबून राहते: आधी साधारण ०.२१ व्होल्टला, मग ०.१२ला, आणि अर्ध्यानंतर शेवटपर्यंत ०.०८५च्या आसपास.

अडचण अशी की हे सगळे फरक फार बारीक आहेत. चार्ज होताना एलएफपी सेलचे व्होल्टेज आपल्या प्रवासाच्या मोठ्या भागात जेमतेम दशांश व्होल्टने वाढते. नेहमीच्या आलेखात ती एक कंटाळवाणी सपाट रेघ दिसते. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: व्होल्टेज थोडेसे वाढेपर्यंत सेलने किती अँपिअर-तास गिळले? हाच भागाकार, dQ/dV, प्रत्येक व्होल्टेजला काढून मांडला की सपाट रेघेच्या जागी शिखरे उभी राहतात. समजा ३.० ते ३.१ व्होल्ट या १०० मिलिव्होल्टमध्ये १ अँपिअर-तास गेला. तिथे वक्राची उंची भरते १०. पुढे सपाट भागात ५ मिलिव्होल्टमध्येच ८ अँपिअर-तास गेले; तिथे उंची १,६००. जिथे रेघ सपाट, तिथे शिखर.

सावकाश चार्ज केलेल्या निरोगी एलएफपी सेलमध्ये अशी तीन शिखरे ठळक दिसतात. एक बुटके, ३.२ व्होल्टच्या थोडे वर, दुसरे ३.३च्या थोडे पुढे. आणि तिसरे त्याला खेटून उजवीकडे, ३.४च्या अलीकडे. ग्राफाईटच्या तीन टप्प्यांचीच ही सावली. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिखरामधली दरी सर्वांत महत्त्वाची, कारण ग्राफाईट अर्धे भरल्याची ती खूण आहे. दरीच्या डावीकडचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धे ग्राफाईट. उजवीकडचे क्षेत्रफळ म्हणजे त्यानंतर जेवढे लिथियम शिल्लक होते तेवढे.

हिशेबासाठी एक सेल कल्पनेने घेऊ. फिरते लिथियम १०० अँपिअर-तासांचे, फॉस्फेटची कोठी १०८ची, ग्राफाईटची १२०ची. ग्राफाईट मुद्दामच मोठे ठेवतात, म्हणजे ते कधी काठोकाठ भरू नये. नव्या सेलमध्ये डावीकडे ६० आणि उजवीकडे ४०, बेरीज १००.

पहिली सेल फक्त लिथियम गमावते, २० अँपिअर-तासांचे. ग्राफाईट तेवढेच आहे, त्यामुळे डावीकडचे ६० जसेच्या तसे राहतात. तुटवडा शेवटी जाणवतो: उजवीकडे ४०च्या जागी २०. क्षमता ८० टक्के. उजवे शिखर निम्म्यावर, डावीकडची दोन्ही जागच्या जागी, असा वक्र दिसला की निदान स्पष्ट असते. ही सेल थकलेली आहे, पण ग्राफाईटमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्तच जागा मोकळी आहे. ती अशीच हळूहळू उतरत जाईल.

दुसऱ्या सेलमध्ये लिथियम सगळे शाबूत आहे, पण ग्राफाईटचा १५ टक्के भाग रिकामा असताना तुटला. कोठी १०२ची झाली. लिथियम १००चेच, त्यामुळे क्षमता मोजली तर शंभर टक्के! साधी चाचणी हिला उत्तम शेरा देईल. वक्र मात्र बोलतो: अर्धे ग्राफाईट आता ५१, म्हणून डावीकडे ६०ऐवजी ५१ आणि उजवीकडे ४०ऐवजी ४९. एक शिखर चक्क वाढलेले दिसते. शिखर वाढले म्हणून सेल सुधारली असे कुणाला वाटेल, पण ती कड्याच्या टोकावर उभी आहे. आणखी ५ टक्के ग्राफाईट गेले की कोठी ९६ची होते आणि चार्जच्या शेवटी ४ अँपिअर-तासांच्या लिथियमला जागाच उरत नाही. ते ग्राफाईटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. त्यातले बरेचसे परत येत नाही, साचलेल्या धातूवर नवा थर चढतो, आणि क्षमतेचा आलेख एकाएकी खाली वाकतो. धातूच्या साचण्यातून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोकाही निर्माण होतो, तो वेगळाच.

फॉस्फेटची कोठी घटली तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. १०८ची १०३ झाली तरी १०० लिथियमला जागा पुरते. इथे वक्रही गप्प बसतो. ती ९५वर आली की डिस्चार्जच्या शेवटी फॉस्फेट आधी भरते आणि ५ अँपिअर-तासांचे लिथियम ग्राफाईटमध्येच अडकून पडते. मग तुटवडा सर्वांत डावीकडच्या बुटक्या शिखरात दिसतो आणि उजवे शिखर जागेवर राहते. अंतर्गत रोध वाढला असेल, तर चार्ज करताना सगळी शिखरे थोडी उजवीकडे सरकतात. क्षेत्रफळे फारशी बदलत नाहीत.

इथपर्यंत सोपे वाटते, पण एक सापळा आहे आणि तो मला या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. रोजच्या वापरात गाडी क्वचितच अगदी रिकामी होते. लोक ४० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करतात, त्यात उजवे शिखर मिळते पण डावीकडचे हुकते. मग फक्त उजव्या शिखरावर निदान करण्याचा मोह होतो. समजा आपल्या सेलचे लिथियम ९३वर आले आणि ग्राफाईट १०६वर. अर्धे ग्राफाईट ५३. उजवीकडे ९३ वजा ५३, म्हणजे ४०. नव्या सेलइतकेच! लिथियम ७ने आणि ग्राफाईट १४ने घटूनही उजवे शिखर जसेच्या तसे, कारण एक तोटा त्याला लहान करतो आणि दुसरा मोठे. डावीकडचे ५३ मोजल्याशिवाय हे उघड होत नाही. म्हणून पूर्ण रिकाम्या सेलपासून पूर्ण भरेपर्यंतची अखंड नोंद लागते, आणि तुलनेसाठी सेल नवी असतानाचा वक्रही.

मोजणीही बेताने करावी लागते. चार्ज इतका सावकाश हवा की तो पुरा व्हायला २० ते २५ तास लागावेत. तासाभरात चार्ज केला तर शिखरे एकमेकांत मिसळतात आणि दरी बुजते. तापमान स्थिर हवे. थंडीत रोध वाढून शिखरे सरकतात आणि म्हातारपणाचा भास होतो. शिवाय सपाट भागात भागाकाराचा छेद शून्याजवळ जातो, त्यामुळे व्होल्टमीटरची मिलिव्होल्टभर थरथरही खोट्या शिखरांचे जंगल उभे करते. ती गुळगुळीत करावीच लागते, पण हात जड पडला तर खरी दरीही पुसली जाते. फिल्टर थोडा सैल-घट्ट करून पाहायचा. शिखर जागेवर टिकले तर ते सेलचे, नाहीतर मीटरचे.

लिथियम धातू साचतोय असा संशय असेल, तर चार्ज संपताच डिस्चार्ज सुरू करून पाहतात. साचलेला धातू आधी विरघळतो आणि त्याचे विभव ग्राफाईटपेक्षा साधारण ०.०८५ व्होल्टने खाली असते, म्हणून सेलच्या व्होल्टेजमध्ये तेवढ्याच अंतरावर वरच्या बाजूला एक जादाचा उंचवटा येतो. निरोगी सेलमध्ये तो नसतो. चार्जनंतर बराच वेळ सेल तशीच ठेवली तर तोही नाहीसा होतो, त्यामुळे घाईने बघावे लागते.

हे सगळे एका सेलबद्दल. शेकडो सेलच्या पॅकमध्ये प्रत्येकीची शिखरे थोड्या वेगळ्या जागी असतात आणि बेरजेचा वक्र पसरट होतो, म्हणून प्रत्येक सेलच्या व्होल्टेजची वेगळी नोंद हवी. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये धन बाजूचे विभवही सतत बदलते. तिथे एकेका शिखरात दोन्ही बाजूंचा हात असतो आणि वरचा हिशेब तसाच्या तसा लागू पडत नाही.

वापरलेली एलएफपी बॅटरी घेत असाल तर टक्केवारीच्या प्रमाणपत्रासोबत सावकाश चार्जची सेलनिहाय व्होल्टेज-नोंद मागा, शक्यतो नवी असतानाच्या नोंदीसह. ती मिळत नसेल, तर शंभर टक्के लिहिलेल्या कागदासाठी शंभर टक्के पैसे मोजू नका.