स्लॅब किती वाकला आणि किती परत आला

शाळेच्या नव्या इमारतीचा पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून महिना झाला आणि प्रयोगशाळेतून २८ दिवसांच्या क्यूबचा अहवाल आला. काँक्रीट एम-२० हवे होते, पण क्यूब त्याच्या खालीच फुटले. कंत्राटदार म्हणतो, क्यूब नीट भरले गेले नाहीत, स्लॅबमधले काँक्रीट चांगले आहे. इंजिनिअर म्हणतो, सिद्ध करा. अशा वेळी आधी स्लॅबमधून कोअर काढून ते दाबून पाहतात. किमान तीन कोअर घ्यायचे. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. कोअरही नापास झाले, किंवा ते काढलेच नाहीत, तर भारतीय काँक्रीट संहिता आयएस ४५६ आणखी एक वाट ठेवते. ती म्हणजे खऱ्या स्लॅबवर खरे वजन ठेवून पाहणे, म्हणजेच लोड टेस्ट.

किती वजन ठेवायचे ते संहितेने ठरवून दिले आहे. स्लॅबचे स्वतःचे वजन, वर येणारी फरशी आणि भिंती, म्हणजे कायमचा भार, पूर्ण धरायचा. वापरातला भार, म्हणजे माणसे, बाके, सामान, मात्र सव्वापट घ्यायचा. हे वजन २४ तास ठेवायचे, मग वापराचा भार काढून घ्यायचा आणि पुढचे २४ तास स्लॅब किती वर येतो ते मोजायचे. स्लॅब ओतून २८ दिवस झाल्याशिवाय ही चाचणी करायची नाही, आणि नंतर उगाच लांबवायचीही नाही.

आता हिशोब एका वर्गखोलीवर करून पाहू. समजा स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे, दोन बीमांमधला स्पॅन ४ मीटर आहे आणि खोली ६ मीटर लांब आहे. क्षेत्रफळ झाले २४ चौरस मीटर. वर्गखोलीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतात. त्याची सव्वापट ३.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३८२ किलो. फरशी अजून बसवलेली नाही, म्हणून तिचेही साधारण १२० किलो वर ठेवावे लागतील. पाण्याने चाचणी करायची तर हे गणित फार सोपे होते, कारण एक सेंटीमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १० किलो भरते. फरशीच्या बदली १२ सेंटीमीटर आणि वापराच्या भारासाठी ३८ सेंटीमीटर, असे एकूण अर्धा मीटर पाणी झाले. २४ चौरस मीटरवर ते बारा हजार लिटर होते. एका मोठ्या टँकरचे काम.

स्लॅबच्या क्युअरिंगसाठी मिस्त्री जशी आळी बांधतात तसेच हे आळे, फक्त उंच आणि पक्के. विटांच्या भिंती शक्यतो बीमांच्या वर बांधायच्या, म्हणजे त्यांचे वजन स्लॅबच्या मधोमध येत नाही. आत जाड ताडपत्री अंथरायची. नुसत्या विटांवर विसंबून राहिले तर रात्रीतून पाणी झिरपते, भार घटतो आणि सकाळचे रीडिंग फसवे निघते. पाण्याची खोली एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. स्लॅब एका टोकाला दोन सेंटीमीटर खोलगट असेल, तर तिथे दर चौरस मीटरला वीस किलो जास्त पडतात. म्हणून चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पट्टी उभी करून खोली बघतात.

पाणी मिळत नसेल, किंवा खाली ओल चालत नसेल, तर वाळूच्या किंवा सिमेंटच्या गोण्या रचतात. पन्नास किलोच्या गोण्या घेतल्या तर या खोलीच्या वापराच्या भारासाठीच सुमारे १८३ लागतील. इथे एक चकवा आहे. गोण्या एकमेकींना घट्ट भिडवून उंच रचल्या की त्यांचीच कमान तयार होते. मधला स्लॅब किंचित वाकला की ढीग कडांवर टेकतो, वजन बीमांकडे निघून जाते आणि मधल्या भागावर ठरलेला भार पडतच नाही. स्लॅब कमी वाकलेला दिसतो आणि पास होतो. म्हणून गोण्यांचे वेगवेगळे खांब रचतात आणि मध्ये फटी ठेवतात. पाण्याची कमान होत नाही, स्लॅब कितीही वाकला तरी ते त्याच्या मागोमाग जाते. पाण्याचा मोठा गुण हाच, आणि धोकाही हाच. स्लॅब ढासळू लागला तर तेवढे पाणी क्षणात काढता येत नाही. त्यासाठी खाली प्रॉप उभे करतात, पण स्लॅबला न टेकता, अपेक्षित वाकण्यापेक्षा थोडी जास्त फट ठेवून. पाणी भरताना खाली कोणी थांबायचे नाही.

वाकणे मोजायला डायल गेज वापरतात. त्याची तबकडी मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवते. मुख्य गेज स्लॅबच्या मधोमध असतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या बीमांखालीही गेज लागतात, कारण बीमही थोडे खाली जातात आणि ते खाली जाणे स्लॅबच्या खात्यावर धरायचे नाही. गेज ज्यावर बसतो तो सांगाडा प्रॉपला, सेंटरिंगला किंवा परातीला लागता कामा नये. तो वेगळा, घट्ट जमिनीवर उभा हवा.

भरणे असे होते. आधी फरशीच्या वजनाचे १२ सेंटीमीटर पाणी सोडायचे, थोडे थांबायचे आणि मग सगळे गेज शून्यावर आणायचे. संहितेला फक्त वापराच्या भाराने होणारे वाकणे हवे आहे, म्हणून शून्य इथे धरायचे. पुढचे ३८ सेंटीमीटर चार टप्प्यांत भरायचे. समजा मधल्या गेजने, बीमांची हालचाल वजा करून, ०.७, मग १.५, मग २.४ आणि चौथ्या टप्प्याला ३.४ मिलिमीटर दाखवले. प्रत्येक टप्प्यात भार सारखाच वाढला, वाकणे मात्र आधी ०.७ ने, शेवटी १.० ने वाढले. स्लॅबच्या खालच्या अंगाला बारीक भेगा पडत आहेत, हे यातून कळते. थोडी अशी वाढ चालते. एखाद्या टप्प्याला आकडा आधीच्या दुप्पट उडी मारतो किंवा पाणी थांबवल्यावरही काटा सरकतच राहतो, तर भरणे बंद करायचे आणि पाणी उतरवायचे. पूर्ण भाराखाली २४ तासांनी आपल्या गेजवर ४.४ मिलिमीटर दिसले असे समजू.

पहिली कसोटी लहान आहे. स्पॅन मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ४० ने गुणायचे आणि स्लॅबच्या मिलिमीटरमधल्या जाडीने भागायचे. आपल्या स्लॅबला ते येते ४ गुणिले ४ गुणिले ४० भागिले १५०, म्हणजे ४.२७ मिलिमीटर. वाकणे याहून कमी असते, तर स्लॅब किती परत आला ते बघायचीही गरज नव्हती. आपला स्लॅब ४.४ वाकला आहे, अगदी थोडक्यात पुढे गेला. याचा अर्थ तो नापास झाला असा नाही. आता तो परत किती येतो ते पाहायचे.

वरचे ३८ सेंटीमीटर पाणी सोडून द्यायचे, फरशीचे १२ सेंटीमीटर तसेच ठेवायचे. लगेचच बरेचसे वाकणे निघून जाते, उरलेले हळूहळू जाते. २४ तासांनी ०.९ मिलिमीटर उरले असेल, तर ४.४ पैकी ३.५ परत आले. ते सुमारे ८० टक्के झाले. ७५ टक्के पुरेसे असल्यामुळे स्लॅब स्वीकारला जातो. हाच आकडा १.३ उरला असता, तर परत आलेले वाकणे ७० टक्केच भरले असते. संहिता इथे दुसरी संधी देते. ७२ तास थांबून चाचणी पुन्हा करायची, पण या वेळी ८० टक्के हवेत. पहिल्या वजनाने नव्या भेगा पडतात, जोड आणि टेकू बसतात, सळ्यांची काँक्रीटमधली पकड जागा घेते. हे सगळे एकदाच होते. दुसऱ्या वेळी स्लॅबने अधिक ताठपणे परत यायला हवे. दुसऱ्या चाचणीत तो ४.३ वाकला आणि ३.३ परत आला, तर ते ७७ टक्के होतात. पहिल्या वेळी ते चालले असते. आता स्लॅब अस्वीकार्य ठरतो.

इतक्या बारीक आकड्यांवर निर्णय होत असल्यामुळे गेजच्या बाजूची चूकही निकाल फिरवू शकते. तीन मीटर उंच लोखंडी पाइपावर गेज बसवला आणि दुपार ते पहाटेत तापमान दहा अंशांनी बदलले, तर पाइपाची लांबीच सुमारे ०.३६ मिलिमीटरने बदलते. आपल्या स्लॅबला सीमेच्या पलीकडे फक्त ०.१३ मिलिमीटर नेले होते. गच्चीचा स्लॅब तर उन्हाने स्वतःच वाकतो. म्हणून रीडिंग दिवसाच्या ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी ऊन चढण्याआधी घेतात आणि भार न दिलेल्या शेजारच्या खोलीखाली एक जादा गेज लावतात. त्यावर दिसलेली हालचाल भाराची नव्हे, हवामानाची असते. भरावाच्या मातीवर उभा केलेला सांगाडा खचला तर तोही स्लॅबचे वाकणे कमी दाखवतो. रोजच्या नोंदीत वेळ, तापमान आणि पाण्याची खोली नसेल, तर नुसत्या गेजच्या आकड्यांना फारसा अर्थ राहत नाही.

पास झालेल्या चाचणीने काय सिद्ध होत नाही, हेही पाहू. आपल्या स्लॅबवर कायमचा भार सुमारे ४.९५ आणि चाचणीचा वापराचा भार ३.७५, मिळून ८.७ किलोन्यूटन पडले. डिझाइनमध्ये स्लॅबने दोन्ही भारांच्या दीडपट, म्हणजे ११.९ किलोन्यूटन सोसणे गृहीत असते. चाचणी त्याच्या ७३ टक्क्यांपर्यंतच गेली. वाकण्यातून सळ्यांचे आणि काँक्रीटचे एकत्रित काम दिसते, पण कॉलमच्या भोवती स्लॅब चिरडून आत घुसतो तो प्रकार आधी वाकून इशारा देतोच असे नाही. गंजाची सुरुवात, कमी पडलेले कव्हर, पुढची वीस वर्षे टिकेल की नाही, यातले काहीही गेजवर दिसत नाही. शिवाय एकाच खोलीत पाणी भरले तर बीमांच्या वरच्या बाजूला सळ्या पुरेशा आहेत का ते नीट कळत नाही. त्यासाठी शेजारच्या दोन खोल्या एकदम भराव्या लागतात.

आणि निकाल फक्त त्या वापरापुरता असतो. पुस्तकांच्या उंच कपाटांसाठी संहिता दर चौरस मीटरला किमान ६ किलोन्यूटन धरते. त्याच्या चाचणीला ३८ नव्हे, ७६ सेंटीमीटर पाणी लागेल. वर्गखोली म्हणून स्वीकारलेल्या स्लॅबवर उद्या ग्रंथालय हलवायचे ठरले, तर जुना अहवाल दाखवून चालणार नाही. आधी डिझाइन तपासायचे आणि ते पुरत असेल तरच पुन्हा आळे बांधायचे.