जुन्या टीव्हीला नवा कन्सोल: मामेभावाला पाठवायचा मेसेज

पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि प्लेस्टेशन ५ यांना थेट जोडणारी वायर नाही. कन्सोलमधून चित्र बाहेर पडायला एकच जागा आहे, एचडीएमआय. जुन्या टीव्हीत चित्र आत घ्यायला असतात पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन गोल सॉकेट. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये दोन्ही सोयी होत्या. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ पासून जुनी सोय काढून टाकली गेली. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात वाहते, तर जुन्या टीव्हीला कमीजास्त होणारा विजेचा दाब लागतो. या दोघांमध्ये रूपांतर करणारा डबा बसवावाच लागतो.

काम अवघड नाही, पण दूर गावी बसलेल्या मामेभावाला ते मेसेजवर सांगायचे तर क्रम नीट हवा. मधली एखादी पायरी राहिली की पडदा काळा राहतो, आणि काळा पडदा कारण सांगत नाही. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर ती नीट झाल्याची खूणही कळवावी लागते. खालचा मेसेज २१ इंची रंगीत टीव्ही आणि नवा प्लेस्टेशन ५ धरून लिहिला आहे.

१. "आधी टीव्हीच्या मागचा, पुढचा आणि कडेचा फोटो पाठव. आणि सेट-टॉप बॉक्स कुठल्या वायरने जोडलाय ते बघ."

पुढचे सगळे या फोटोवर ठरते. पिवळा-पांढरा-लाल सॉकेट असेल आणि त्यावर 'इन' लिहिले असेल, तर काम होणार. बऱ्याच टीव्हींना 'आउट' लिहिलेले तसेच सॉकेट शेजारीच असतात. त्यांत पिन घातली तर काहीच दिसत नाही.

काही टीव्हींच्या मागे हिरवा, निळा आणि लाल असे आणखी तीन सॉकेट असतात. ते वेगळ्या जोडणीसाठी आहेत. घाईत पिवळी पिन हिरव्यात गेली तर चित्र येते, पण कृष्णधवल.

सेट-टॉप बॉक्सचा प्रश्न त्याहून उपयोगाचा आहे. तो तीन पिनांच्या वायरने जोडलेला असेल आणि त्यावर मालिका रोज दिसत असतील, तर टीव्हीचे सॉकेट चालू आहेत आणि योग्य चॅनल घरातल्यांना माहीत आहे, या दोन्ही गोष्टी आपोआप सिद्ध होतात. कन्सोल त्याच सॉकेटांत लावायचा. टीव्हीला फक्त अँटेनाचा एकच सॉकेट असेल तर मॉड्युलेटर नावाचे आणखी एक यंत्र लागते आणि चित्र आणखी खालावते. अशा टीव्हीचा नाद सोडलेला बरा.

२. "'एचडीएमआय टू एव्ही' डबा घे. 'एव्ही टू एचडीएमआय' घेऊ नकोस. आणि नुसती वायर तर मुळीच घेऊ नकोस."

हा तळहाताएवढा डबा काहीशे रुपयांत मिळतो. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा, पण उलट दिशेने काम करणारा डबाही त्याच दुकानात असतो. तो जुन्या प्लेयरचे चित्र नव्या टीव्हीवर दाखवण्यासाठी आहे. नावातला पहिला शब्द चित्र कुठून येते ते सांगतो, म्हणून 'एचडीएमआय' आधी आले पाहिजे.

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी साधी वायरही स्वस्तात विकली जाते. तिच्यात रूपांतर करणारे सर्किटच नसते. त्यामुळे ती प्लेस्टेशनला चालत नाही. खऱ्या डब्याला वीज लागते, म्हणून त्याला यूएसबीचा वेगळा सॉकेट असतो. खरेदी करताना तो आहे का आणि कडेला `PAL/NTSC` असे बटण आहे का, एवढे बघितले की पुरे.

३. "कन्सोल पहिल्यांदा शेजारच्यांच्या एलईडी टीव्हीला लावून सुरू कर. तिथेच सेटिंग बदल, मग घरी आण."

ही पायरी वगळणारेच सहसा अडकतात. एचडीएमआयमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल होऊ नये म्हणून त्याला एचडीसीपी नावाचे कुलूप असते. समोरचे यंत्र ते कुलूप ओळखत नसेल तर कन्सोल चित्र देत नाही. स्वस्त डब्यांपैकी काही ते ओळखतात, काही ओळखत नाहीत. प्लेस्टेशनवर हे कुलूप बंद करता येते, पण ती सेटिंग पडद्यावरच असते, आणि पडदा तर काळा! म्हणून आधी नव्या टीव्हीवर भाषा, वायफाय आणि खाते यांची जुळणी उरकून घ्यायची. ही अक्षरे बारीक असतात, तीही तिथे नीट वाचता येतात. मग पुढील तीन ठिकाणी जायचे:

```
Settings > System > HDMI > Enable HDCP : बंद
Settings > Screen and Video > Video Output > Resolution : 720p
Settings > Screen and Video > Video Output > HDR : Off
```

७२०पी निवडण्याचे कारण साधे आहे. जुन्या टीव्हीला त्याहून जास्त दाखवता येत नाहीच, आणि हे प्रमाण जवळपास प्रत्येक डबा स्वीकारतो.

४. "सगळ्याची वीज बंद ठेवून जोड. कन्सोलमधून एचडीएमआय वायर डब्याच्या 'इन'मध्ये. डब्यातून पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये. शेवटी डब्याची यूएसबी वायर मोबाइलच्या चार्जरला."

पिवळ्या पिनेतून चित्र जाते, पांढरीतून डावीकडचा आवाज आणि लालमधून उजवीकडचा. टीव्हीला आवाजाचा एकच सॉकेट असेल तर तिथे पांढरी पिन लावायची आणि लाल मोकळी सोडायची. तेव्हा फक्त डावीकडचा आवाज ऐकू येतो, म्हणजे खेळात उजवीकडून येणाऱ्या शत्रूची चाहूल लागत नाही.

खूण: चार्जर सुरू करताच डब्यावरचा दिवा लागला पाहिजे. दिवा नाही तर पुढे काही होणार नाही; चार्जर किंवा वायर बदलून बघावी. पिना बसत नाहीत म्हणून टीव्हीचे मागचे झाकण मात्र उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक दाबाची वीज साठून राहू शकते.

५. "टीव्ही लाव, रिमोटवरचे 'एव्ही' बटण दाब, मग कन्सोल सुरू कर."

या बटणावर काही कंपन्या 'व्हिडिओ' किंवा 'सोर्स' असे लिहितात. रिमोट हरवला असेल तर टीव्हीच्या अंगावरचे चॅनल मागे नेण्याचे बटण दाबत राहावे. बऱ्याच टीव्हींवर पहिल्या चॅनलच्या मागे एव्ही येते.

खूण: काही सेकंदांत प्लेस्टेशनचे चित्र दिसते. न दिसल्यास वायरी उपटण्याआधी पडदा नक्की काय दाखवतो ते बघावे, कारण प्रत्येक दोषाचे रूप वेगळे असते.

६. "नीट दिसलं नाही तर काय दिसतंय ते मला लिही."

पडद्यावर मुंग्या दिसत असतील तर टीव्ही अजून अँटेनाच्या चॅनलवर आहे. निळा किंवा काळा पडदा असेल आणि डब्यावर दिवा असेल, तर एचडीएमआय वायर ढिली आहे, पिना 'आउट'मध्ये गेल्या आहेत किंवा कुलूप बंद करायचे राहिले आहे. डबा न लावता तीच एचडीएमआय वायर नव्या टीव्हीला जोडली आणि चित्र आले, तर कन्सोल आणि वायर ठीक आहेत; दोष पुढे कुठेतरी आहे.

नव्या टीव्हीवरही काही दिसत नसेल तर कन्सोल पूर्ण बंद करून त्याचे पॉवर बटण दाबून धरावे आणि दुसरी बीप आल्यावर सोडावे. ती पहिलीनंतर साधारण सात सेकंदांनी येते. मग कंट्रोलर वायरने जोडून `Change Video Output` मधून चित्राचे प्रमाण पुन्हा ठरवता येते.

चित्र कृष्णधवल असेल किंवा खालून वर सरकत असेल तर कडेचे बटण बदलायचे. भारतातले प्रक्षेपण पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र रेखणारे. अमेरिकेची एनटीएससी पद्धत ६० च्या आसपास वेळा रेखते. सुरुवात `PAL` वर करावी, कारण ती पद्धत इथल्या प्रत्येक रंगीत टीव्हीला कळते. पण कन्सोल स्वतः ६० चित्रे पाठवतो. त्यांतली दहा गाळून ५० करताना धावत्या दृश्याला बारीक हिसके बसतात. म्हणून चित्र आल्यावर एकदा `NTSC` करून बघण्यासारखे आहे. टीव्हीने ते रंगासकट स्वीकारले तर खेळ जास्त सलग दिसतो. नाही स्वीकारले तर पुन्हा `PAL`.

७. "चित्र आलं की कडा जुळवून घे. अक्षरं मात्र पुसटच दिसणार."

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राची कड चौकटीआड जाते, त्यामुळे कोपऱ्यातले गुण किंवा नकाशा कापला जातो. `Settings > Screen and Video > Screen > Adjust Display Area` येथे जाऊन पडद्यावरच्या खुणा दिसेपर्यंत चित्र आत घ्यायचे. माणसे उंच आणि बारीक दिसतात ते मात्र वेगळ्या कारणाने. कन्सोलचे चित्र १६:९ या आडव्या प्रमाणाचे असते आणि डबा ते ४:३ च्या चौकटीत दाबून बसवतो. टीव्हीच्या मेनूत १६:९ असा पर्याय असेल तर तो निवडावा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण वर्तुळ वर्तुळासारखे दिसते.

पुसटपणावर इलाज नाही. १०८०पी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. पाल चित्र आकड्यांत मांडले तर ते ७२० × ५७६ भरते, बरोबर एक पंचमांश. शिवाय एकाच पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग दोन्ही एकत्र जातात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पसरतात. कन्सोलच्या मेनूतली अक्षरे `Settings > Accessibility` मधून मोठी करता येतात. खेळातली अक्षरे त्या त्या खेळाच्या सेटिंगमध्ये. फुटबॉल, मोटारशर्यत, मारामारी हे खेळ अशा पडद्यावर चांगले चालतात. पानेच्या पाने संवाद वाचायला लावणारे खेळ डोळ्यांना त्रास देतात.

८. "एचडीसीपी बंद आहे तोवर सिनेमाची अॅप चालणार नाहीत. नवा टीव्ही आला की ते पुन्हा चालू कर."

खेळांना या कुलपाची गरज नसते, पण सिनेमे-मालिका दाखवणारी अॅप त्याशिवाय उघडत नाहीत. तो कन्सोलचा बिघाड नव्हे. पुढे नवा टीव्ही आल्यावर डबा काढून कन्सोल थेट जोडायचा, `Enable HDCP` चालू करायचे आणि `Resolution` पुन्हा `Automatic` वर ठेवायचे. हे राहून गेले तर नव्या टीव्हीवरही कन्सोल ७२०पीचेच चित्र देत राहतो.