चालत्या फोनची प्रणाली बदलताना

मोबाइलची कार्यप्रणाली केबल किंवा संगणक न जोडता, थेट इंटरनेटवरून बदलण्याच्या पद्धतीला ‘ओव्हर द एअर’ किंवा थोडक्यात ओटीए अपडेट म्हणतात. एखादे अ‍ॅप अपडेट होते तेव्हा ते काम फोनची प्रणाली करते. ओटीएमध्ये मात्र ही प्रणालीच बदलायची असते. राहत्या घराची तुळई बदलायची तर आधी टेकू द्यावा लागतो, तशीच ही गोष्ट आहे. ज्या प्रणालीवर फोन सुरू होऊ शकेल अशी एक तरी पूर्ण प्रत प्रत्येक क्षणी फोनमध्ये असावी लागते. अपडेटला इतकी मोकळी जागा का लागते आणि बॅटरीची अट कशासाठी असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या गरजेत आहे. अँड्रॉइड फोनच्या उदाहरणावरून ते नीट समजते.

अपडेटचे पॅकेज दोन प्रकारचे असते. पूर्ण पॅकेजमध्ये नवी प्रणाली अथपासून इतिपर्यंत असते. दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये बहुधा फक्त फरक पाठवला जातो: जुन्या प्रणालीतला अमुक भाग घ्या, त्यात एवढा बदल करा, की नवा भाग तयार होईल. त्यामुळे डाउनलोड लहान राहते, पण हा हिशेब एका ठरावीक जुन्या आवृत्तीवरच जमतो. म्हणून बदल करण्यापूर्वी फोन जुन्या भागाचा ‘हॅश’, म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, तपासतो. फोन रूट करून कोणी प्रणालीच्या भागात फेरफार केला असेल, तर ही खूण जुळत नाही आणि फरकाचे अपडेट तिथेच थांबते. पॅकेजवर कंपनीची डिजिटल सहीही असते. वाटेत पॅकेज बिघडले किंवा कोणी बदलले तर सहीची पडताळणी फसते आणि फोन ते नाकारतो.

जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रणालीची एकच प्रत असे. पॅकेज उतरवल्यावर फोन बंद होऊन ‘रिकव्हरी’ नावाच्या छोट्या, वेगळ्या प्रणालीवर सुरू होई आणि ती मूळ प्रणालीवरच नवा मजकूर लिही. तोवर फोन वापरता येत नसे. मध्येच वीज गेली तर रिकव्हरी उरलेले काम पुढे नेण्याचा प्रयत्न करी. ते साधले नाही, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी प्रणाली उरे आणि फोन सुरूच होत नसे.

2016 मध्ये अँड्रॉइड 7 सोबत यावर उपाय आला. फोनच्या साठवणीत प्रणालीसाठी ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन स्लॉट ठेवले गेले. फोन ‘ए’वर चालू असताना नवी प्रणाली ‘बी’मध्ये लिहिली जाते आणि वापरणाऱ्याचे काम थांबत नाही. लिहून झाल्यावर तिची पडताळणी होते, ‘पुढच्या वेळी बीवरून सुरू व्हायचे’ अशी नोंद होते आणि फोन रीस्टार्ट करण्याची सूचना येते. ‘बी’ काही प्रयत्नांतही सुरू झाला नाही, तर बूटलोडर पुन्हा ‘ए’कडे वळतो. दोन प्रती म्हणजे दुप्पट जागा, असे वाटते. पण गूगलच्या पहिल्या पिक्सेल फोनमध्ये रिकव्हरी आणि कॅशे हे वेगळे भाग काढून टाकून आणि प्रणालीचा आकार आटोक्यात ठेवून ही वाढ केवळ 320 मेगाबाइटवर रोखली गेली.

पुढे प्रणाली फुगत गेल्या आणि दोन पूर्ण प्रती ठेवणे परवडेनासे झाले. अँड्रॉइड 11 पासून ‘आभासी ए/बी’ पद्धत आली. तिच्यात दुसरी पूर्ण प्रत नसते. मूळ भागाला हात न लावता बदललेले तुकडे वेगळ्या जागी साठवले जातात. रीस्टार्टनंतर फोन मूळ भाग आणि हे तुकडे एकत्र वाचून नवी प्रणाली चालवतो. ती नीट सुरू झाल्याची खात्री पटली की तुकडे मूळ जागी मुरवले जातात आणि मग व्यापलेली जागा मोकळी होते. हे मुरवणे सुरू झाले की जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही.

जागेचे कोडे इथे उलगडते. समजा, एका फोनवर ‘डाउनलोड 800 मेगाबाइट’ असे दिसते. या पॅकेजमधून 2.5 गिगाबाइटचे बदललेले तुकडे तयार होणार आहेत. प्रणालीसाठी राखलेल्या भागात अर्धा गिगाबाइट मोकळा आहे, तो आधी वापरला जातो. उरलेले 2 गिगाबाइट वापरणाऱ्याच्या फोटो आणि अ‍ॅपच्या साठवणीतून घ्यावे लागतात. पॅकेज आधी पूर्ण उतरवायचे असेल तर त्याचे 800 मेगाबाइट वेगळे. म्हणजे 800 मेगाबाइटच्या अपडेटला 2.8 गिगाबाइट मोकळी जागा हवी. तुकडे दाबून साठवले आणि पॅकेज उतरता उतरताच वापरले, तर ही गरज बरीच कमी होते. आयफोनवरही हा प्रश्न गाजला होता. 2014 मधल्या आयओएस 8 ला ओटीएसाठी सुमारे 4.6 गिगाबाइट मोकळी जागा लागे; 16 गिगाबाइटच्या फोनवर ती काढणे अनेकांना जमले नाही. पुढच्या वर्षी आयओएस 9 ने ही गरज 1.3 गिगाबाइटवर आणली.

बॅटरीची अट जुन्या पद्धतीत उघडच जिवावरची होती. अँड्रॉइडच्या मूळ रिकव्हरीत ही किमान मर्यादा 20 टक्के, आणि चार्जर जोडलेला असेल तर 15 टक्के ठेवलेली आहे. आयफोन चार्जरवर नसेल तर 50 टक्के मागतो. दोन स्लॉटच्या फोनमध्ये ‘बी’वर लिहिताना वीज गेली तरी ‘ए’ शाबूत राहतो. तरीही अट असते, कारण पॅकेज उलगडणे, हॅश काढणे आणि लिहिणे या कामांत प्रोसेसर बराच वेळ गुंतून राहतो. शिवाय पडद्यावरची टक्केवारी हा अंदाज असतो. जुन्या बॅटरीवर एकदम भार आला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि 15 टक्के दाखवणारा फोनही बंद पडू शकतो. अपडेटनंतर अ‍ॅप नव्या प्रणालीसाठी पुन्हा जुळवली जातात आणि तुकडे मुरवले जातात. पहिले काही तास फोन गरम होतो आणि बॅटरी लवकर उतरते, ते यामुळे.

अपडेट कुठे फसले हे फोनच्या वागण्यावरून बरेचसे कळते. डाउनलोड अर्ध्यावर थांबले तर दोष बहुधा नेटवर्कचा असतो, आणि ते तिथूनच पुढे सुरू करता येते. डाउनलोड होऊन ‘इन्स्टॉल करता आले नाही’ असा संदेश आला, तर जागा अपुरी आहे किंवा खूण जुळलेली नाही. खूण जुळत नसेल तर पूर्ण पॅकेज लागते. रीस्टार्ट होऊनही ‘अबाउट फोन’मध्ये जुनाच बिल्ड क्रमांक दिसला, तर नवी प्रणाली सुरू न झाल्याने फोन जुन्या स्लॉटवर परतला आहे. त्यातली माहिती सुरक्षित असते.

एक प्रकारचे अपयश मात्र या रचनेच्या हाती लागत नाही. सप्टेंबर 2014 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 8.0.1 दिले. सही बरोबर होती, अपडेट पूर्ण झाले, फोनही सुरू झाले. पण आयफोन 6 आणि 6 प्लसवर मोबाइल नेटवर्क आणि बोटाच्या ठशाची ओळख बंद पडली. साधारण तासाभरात अपडेट मागे घेतले गेले आणि नंतर 8.0.2 देऊन चूक दुरुस्त झाली. नवी प्रणाली सुरू होते की नाही, एवढेच फोन तपासू शकतो; ती नीट काम करते की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून कंपन्या अपडेट आधी थोड्या फोनना देतात, तक्रारी आल्या तर थांबवतात आणि मगच सर्वांसाठी खुले करतात. एकाच मॉडेलच्या दोन फोनवर तेच अपडेट वेगवेगळ्या दिवशी येते, ते यामुळेच.