वाड्याचे भाडे नेमके कोणाचे?

साताऱ्यात बाजारपेठेला लागून एक जुना वाडा आहे असे समजू. रस्त्याकडेची तीन दुकाने भाड्याने दिलेली आहेत, त्यांचे महिन्याला मिळून साठ हजार रुपये येतात. आई वरच्या मजल्यावर राहते, मुलगा पुण्यात चांगल्या पगारावर आहे, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. वडील २०१२ मध्ये वारले. तेव्हापासून भाडे मुलाच्या खात्यात जमा होते आणि त्याच्याच विवरणपत्रात दाखवले जाते. त्याचा पगार तीस लाखांच्या घरात, त्यामुळे भाड्यावर तीस टक्क्यांनी कर कापला जातो. अशा वेळी एखादा मित्र हमखास सांगतो, ‘अरे, एचयूएफ काढून टाक, कर वाचेल.’

एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. आयकर कायद्यात व्यक्ती, कंपनी, भागीदारी संस्था यांच्या रांगेत हे कुटुंबही स्वतंत्र करदाता म्हणून बसले आहे. १९२२ च्या कायद्यात ते होते, १९६१ च्या कायद्यात होते आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. (खाली कलमांचे क्रमांक दिले आहेत ते वाचकांच्या ओळखीच्या १९६१ च्या कायद्यातले.) या कुटुंबाला स्वतःचे पॅन, स्वतःचे बँक खाते आणि स्वतःची करमुक्त मर्यादा मिळते. जैन, शीख आणि बौद्ध कुटुंबांचाही त्यात समावेश होतो.

मात्र हे कुटुंब कंपनीसारखे नोंदणी करून जन्माला घालता येत नाही. ते जन्माने आणि लग्नाने आपोआप होते, आणि पॅन कार्ड ही फक्त त्याची करखात्याकडची ओळख असते. मित्राचा सल्ला इथेच घसरतो. कुटुंब असणे ही एक गोष्ट आणि कुटुंबाच्या मालकीची मालमत्ता असणे ही दुसरी. पॅन काढल्याने पहिलीवर शिक्का बसतो, दुसरी निर्माण होत नाही. म्हणून पहिला प्रश्न कराचा नसून हा वाडा घरात कुठून आला, हा आहे.

आपल्या वाड्याचा इतिहास असा धरू. आजोबांनी १९५२ मध्ये भावांशी वाटणी केली, तिच्यात हा वाडा त्यांच्या वाट्याला आला. आजी आधीच गेलेल्या होत्या. १९५४ मध्ये आजोबाही वारले आणि वाडा त्यांच्या एकुलत्या मुलाकडे, म्हणजे वडिलांकडे आला. त्या वेळी हिंदू वारसा कायदा आलेला नव्हता. जुन्या मिताक्षरा नियमाप्रमाणे अशी मिळकत वडिलोपार्जित ठरते आणि वडिलांना पुढे मुले झाली की त्यांचा जन्मतःच तिच्यात हक्क लागतो. तेव्हा हा वाडा खरोखरच कुटुंबाचा. मिळकत पत्रिकेवर एकट्याचे नाव असले म्हणून ती एकट्याची होत नाही, हे गावाकडे लोकांना चांगले माहीत असते; जुन्या सातबारावर एका भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी नोंद सापडते ती याचसाठी. नावाच्या पाठीमागचा दस्त पाहावा लागतो. इथे तो दस्त म्हणजे १९५२ चे वाटणीपत्र.

आता याच वडिलांनी नोकरीच्या पगारातून कोथरूडला एक फ्लॅट घेतला होता असे समजा. तोही मुलाला ‘वडिलांकडून’च मिळाला, पण त्याची जात वेगळी. ती स्वकष्टार्जित मिळकत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती आई, मुलगा आणि मुलगी यांच्याकडे प्रत्येकी एक तृतीयांश जाते आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत मालकीचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केले: वडिलांकडून वारशाने आलेली अशी संपत्ती मुलाच्या हातात कुटुंबाची ठरत नाही, त्याची स्वतःची ठरते. माझ्या मते एचयूएफच्या बाबतीत सामान्य माणसाने एकच निकाल लक्षात ठेवायचा असेल तर हा. वडिलांच्या पश्चात मिळालेला फ्लॅट, मुदत ठेवी, शेअर सरसकट एचयूएफच्या पॅनवर दाखवणारी कितीतरी विवरणपत्रे या निकालापुढे टिकणार नाहीत.

यावर मुलगा म्हणेल, ‘माझा तिसरा हिस्सा मी होऊन कुटुंबाला देऊन टाकतो.’ देता येतो. पण ही पळवाट कायद्याने केव्हाच बुजवली आहे. ३१ डिसेंबर १९६९ नंतर सदस्याने आपली व्यक्तिगत मालमत्ता पुरेशा मोबदल्याशिवाय कुटुंबाच्या मालकीत मिसळली तर तिचे उत्पन्न कलम ६४(२) प्रमाणे त्याच्याच उत्पन्नात धरले जाते. मालकी कुटुंबाची, कर मात्र त्याचाच. बायकोच्या भावाने प्रेमाने पाच लाख रुपये एचयूएफच्या खात्यात टाकले तर आणखी पंचाईत. तो या कुटुंबाचा सदस्य नाही, आणि सदस्य नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर आलेली भेट ही सगळीच्या सगळी कुटुंबाचे उत्पन्न मानली जाते. त्याने हेच पैसे बहिणीच्या नावावर दिले असते तर एक पैसाही कर नव्हता. सरळ मार्ग वडिलांच्या हयातीतच उपलब्ध असतो. त्यांनी मृत्युपत्रात ‘माझा फ्लॅट मुलाच्या हिंदू अविभक्त कुटुंबाला’ असे स्पष्ट लिहून ठेवले तर तो कुटुंबाचाच होतो आणि मृत्युपत्राने मिळालेल्या संपत्तीवर भेटीचा करही नाही.

वाड्याकडे परत येऊ. २०१२ मध्ये वडील गेले तेव्हा त्याच्यात कोणाकोणाचा हक्क होता? ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाइतकीच जन्मसिद्ध सहदायाद आहे. लग्न झाले तरी तो हक्क जात नाही. माहेरच्या कुटुंबात ती हिस्सेदार राहते आणि सासरच्या कुटुंबात सदस्य होते. (तीच थोरली असती तर कर्ताही तीच होऊ शकली असती, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसा निर्णय दिला आहे.) सहदायाद वारला की कायदा त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर काय झाले असते, अशी कल्पना करतो. त्या काल्पनिक वाटणीत वडील, आई, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळतो. वडिलांचा चौथा हिस्सा मग वारशाने तिघांकडे उतरतो, तोही व्यक्तिगत म्हणून. याचा अर्थ २०१२ नंतर वाड्याचे तीन चतुर्थांश उत्पन्न कुटुंबाचे आणि एक चतुर्थांश तिघांचे वेगवेगळे. प्रत्येक पिढीत असा एक लचका कुटुंबाच्या मालमत्तेतून निघत जातो.

आकडे मांडू. वर्षाचे भाडे ७ लाख २० हजार. त्यातून भरलेली घरपट्टी २० हजार वजा, उरले ७ लाख. यातून दुरुस्ती-देखभालीपोटी ठरावीक तीस टक्के वजावट मिळते, खर्च झालेला असो वा नसो. ते २ लाख १० हजार गेले की करपात्र उत्पन्न ४ लाख ९० हजार. कुटुंबाचा तीन चतुर्थांश भाग ३ लाख ६७ हजार ५००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे, म्हणून कुटुंबाचा कर शून्य. राहिलेले १ लाख २२ हजार ५०० तिघांत वाटले की प्रत्येकाच्या विवरणपत्रात सुमारे ४० हजार ८०० येतात. मुलाला त्यावर तीस टक्के आणि चार टक्के उपकर धरून साधारण १२ हजार ७०० रुपये पडतील. आज तो संपूर्ण ४ लाख ९० हजारांवर १ लाख ५२ हजार ८८० भरतो आहे, आणि त्यातले बरेचसे आई-बहिणीच्या उत्पन्नावरचे आहे.

मात्र याच कुटुंबातला मुलगा सहा लाख पगाराचा असता तर चित्र उलटे दिसले असते. व्यक्तीला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सूट मिळून कर शून्यावर येतो. ही सूट कुटुंबाला नाही. भाडे थोडे वाढून कुटुंबाचे उत्पन्न चार लाखांपुढे गेले की पाच टक्क्यांनी कर सुरू. पण म्हणून ‘मग मी माझ्याच नावावर दाखवतो’ असे म्हणायची सोय नाही. उत्पन्न ज्याच्या मालकीचे त्याच्याच हातात आकारले जाते. सोयीनुसार इकडून तिकडे हलवायचा तो ऐच्छिक विषय नव्हे.

कुटुंबाचे विवरणपत्र कर्ता सही करून भरतो. सोपा आयटीआर-१ त्याला चालत नाही, भाड्यासाठी आयटीआर-२ लागतो. कुटुंबाच्या खात्यातून आईला घरखर्चाला पैसे दिले तर ते कलम १०(२) प्रमाणे तिच्या हातात करमुक्त, कारण त्यावरचा कर कुटुंबाच्या पातळीवर पाहिला गेलेला असतो. मुलाचा पगार अर्थातच त्याचा स्वतःचा. पण कुटुंबाचे पैसे धंद्यात गुंतवून त्याच धंद्यातून कर्ता पगार घेत असेल तर तो पगार कुटुंबाचे उत्पन्न ठरू शकतो. नागपूरच्या शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स या छापखान्यातल्या धनवटे कुटुंबाबाबत १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. पगार अंगच्या कामाचा आहे की कुटुंबाच्या भांडवलाचा, ही कसोटी.

हाच वाडा म्हापशात असता तर यातले जवळजवळ काहीच लागू झाले नसते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि कलम ५अ प्रमाणे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे आकारले जाते. केरळने तर एकत्र कुटुंबपद्धतीच १९७६ पासून कायद्याने संपवली.

उरली वाटणी. एकदा का कुटुंब म्हणून आकारणी होऊ लागली की घरात बसून ‘हे दुकान तुझे, ते माझे’ असे ठरवल्याने करखात्याच्या लेखी कुटुंब संपत नाही. कलम १७१ प्रमाणे कर निर्धारण अधिकाऱ्यापुढे दावा करावा लागतो. तो सदस्यांना नोटीस देऊन चौकशी करतो आणि वाटणीचा आदेश काढतो. तोवर कुटुंब चालूच आहे असे धरले जाते. मिळकत प्रत्यक्ष विभागता येण्यासारखी असेल तर नुसते भाडे वाटून घेणे पुरत नाही. भिंती, दरवाजे, चतुःसीमा यांनिशी वाटे पडावे लागतात. आणि वाटणी पूर्ण हवी. दोन दुकाने वाटून तिसरे एकत्र ठेवले तर ३१ डिसेंबर १९७८ नंतरच्या अशा अपुऱ्या वाटणीला आयकरात मान्यताच नाही. वाटलेल्या दुकानांचे भाडेही कुटुंबाचेच समजले जाते.

वाटणीत दुकान हाती आले म्हणून त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तो लागतो पुढे विकल्यावर. नाशिकच्या बहिणीने आपले दुकान विकले तर खरेदीची किंमत म्हणून तिला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येईल, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनापेक्षा जास्त असू नये. ही किंमत काढणारा मूल्यांकन अहवाल तिघांनी वाटणीच्या वेळीच संपूर्ण वाड्यासाठी एकत्र करून घेतला, तर पुढे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे भाव लावल्याचा खुलासा करत बसावा लागत नाही.