पाटी कंपनीची, गल्ला कोणाचा?

चेनच्या दुकानात शिरलं की सगळं कंपनीचंच दिसतं. पाटीचा रंग, पोरांच्या टोप्या, केकच्या खोक्यावरची रिबन, बिल हातात देताना म्हणायचं वाक्यसुद्धा ठरलेलं. फ्रँचायझी घेणाऱ्याकडून करारातच हे लिहून घेतलेलं असतं: फर्निचर कंपनीनं सांगितलेल्या कारागिराकडून करायचं, कच्चा माल कंपनीकडून घ्यायचा, बिलिंगचं सॉफ्टवेअर कंपनीचं. कंपनीनं स्वतः चालवलेलं दुकान आणि कुणी पैसे भरून घेतलेलं दुकान वेगळं दिसलं, तर ब्रँडच्या दृष्टीनं करार फसला. म्हणून दुकान न्याहाळून मालक कळत नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तोही ‘कंपनीचंच आहे’ म्हणतो, आणि पुष्कळदा त्याला खरंच तेवढंच ठाऊक असतं.

मालक सापडतो बिलावर. त्याआधी ‘कंपनी’ म्हणजे कोण, हे मात्र बघून घ्यावं लागतं. मुंबई-पुण्यातलं मॅकडोनाल्ड्स अमेरिकेतली कंपनी चालवत नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतात ते हार्डकॅसल रेस्टॉरंट्स चालवते, आणि तिच्यामागे शेअर बाजारात नोंदलेली वेस्टलाइफ फूडवर्ल्ड आहे. उत्तर आणि पूर्व भारतात तोच बर्गर कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स विकते. डॉमिनोजच्या मागे जुबिलंट फूडवर्क्स असते. म्हणजे परदेशी ब्रँडच्या बाबतीत आपल्याकडची ‘कंपनी’ हीच मुळात परवाना घेतलेली भारतीय कंपनी असते. बिलावर अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच ती गल्लीतल्या कुणाची फ्रँचायझी ठरत नाही.

या धंद्यातले लोक दुकानांची वर्गवारी आद्याक्षरांनी करतात. कंपनीचं दुकान, कंपनीच चालवणार, ते ‘कोको’. फ्रँचायझीवाल्याचं दुकान आणि तोच चालवणार, ते ‘फोफो’. गुंतवणूक त्याची पण कामकाज कंपनीच्या हातात, ते ‘फोको’. यातला ‘कोको’ हा शब्द आपण रस्त्यावर वाचतो तो पेट्रोल पंपांवर. तेल कंपन्या पंपाच्या पाटीवर तो उघडपणे लावतात. बाकीच्या धंद्यांनी मात्र हा मोठेपणा अजून दाखवलेला नाही.

आता बिल. त्यावर जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षरांचा. नमुन्यादाखल हा बघा. यातली काही अक्षरं मुद्दाम झाकली आहेत.

```
27AA*FR****K1Z*
```

पहिले दोन आकडे राज्याचे. 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या विक्रेत्याचा पॅन, जसाच्या तसा. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, मालक कुठल्या जातकुळीचा आहे ते सांगतं. तिथे P असेल तर एकटी व्यक्ती, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब आणि C म्हणजे कंपनी. त्यापुढचं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं आणि संस्थेच्या बाबतीत नावाचं पहिलं अक्षर असतं. नमुन्यातल्या क्रमांकावरून कळतं की हे दुकान महाराष्ट्रातल्या एका फर्मचं आहे आणि तिचं नाव R नं सुरू होतं. मोठ्या खाद्यपदार्थांच्या चेनच्या बिलावर P किंवा F दिसलं, तर विक्री कंपनी स्वतः करत नाही, एवढं पक्कं समजावं. उलटं मात्र खरं नाही. C दिसलं म्हणजे ब्रँडचीच कंपनी, असं नसतं; चार आउटलेट घेतलेला फ्रँचायझीवालाही प्रायव्हेट लिमिटेड काढून बसलेला असतो.

हा C कुणाचा ते ओळखायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे दुसरं बिल. एका बिलाचा एकट्यानं अर्थ लावत बसण्यापेक्षा त्याच चेनच्या दोन दुकानांची बिलं शेजारी ठेवावीत. कोथरूडचं एक, औंधचं एक. एकाच कंपनीची एका राज्यातली सगळी दुकानं बहुधा एकाच जीएसटी क्रमांकाखाली असतात, आणि राज्य बदललं तरी मधला पॅन बदलत नाही. दोन्ही बिलांवर मधली दहा अक्षरं तीच असतील तर दोन्ही दुकानं एकाच्याच मालकीची. वेगळी असतील तर निदान एक तरी फ्रँचायझी. पणजीला गेलेल्या भाच्यानं तिथल्या बिलाचा फोटो पाठवला आणि 30 च्या पुढे तीच दहा अक्षरं निघाली, तर ती बहुतेक ब्रँड चालवणारी कंपनीच.

आणखी एक खूण बिलावर असते, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. काही बिलांवर कर लावलेलाच नसतो आणि वर छापलेलं असतं: composition taxable person, not eligible to collect tax on supplies. ही छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सवलतीची योजना. वर्षाची उलाढाल दीड कोटींच्या आत असेल तरच ती मिळते, आणि ही उलाढाल दुकानागणिक मोजत नाहीत. एका पॅनवरची देशभरातली सगळी मोजतात. शेकडो दुकानांच्या कंपनीला ती मिळणं शक्यच नाही. त्यामुळे ही ओळ दिसली की दुकान फ्रँचायझीचं आहे यात शंका उरत नाही. जीएसटी क्रमांकच नसलेल्या बिलालाही हाच न्याय.

क्रमांकावरून नावापर्यंत पोचायला www.gst.gov.in वर लॉगिनही लागत नाही. Search Taxpayer मध्ये क्रमांक घालायचा, चित्रातली अक्षरं टाइप करायची. Legal Name of Business इथे कायदेशीर नाव येतं, Trade Name इथे धंद्याचं. एकट्याचा धंदा असेल तर कायदेशीर नाव म्हणजे त्या माणसाचंच नाव. खाली नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते, आणि धंद्याचं मुख्य ठिकाण. हा पत्ता वाचण्यासारखा असतो. कंपनीच्या दुकानाचा क्रमांक घातला तर पत्ता दुकानाचा न येता बहुधा कुठल्यातरी ऑफिसचा येतो. एकच आउटलेट असलेल्या फ्रँचायझीचा मात्र पुष्कळदा थेट त्याच गाळ्याचा येतो.

तारखेचा उपयोग कसा होतो ते आमच्या एका नातेवाइकांच्या प्रकरणात दिसलं. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी घराजवळच्या एका चेनच्या केकशॉपमध्ये तीन आठवडे आधी ऑर्डर दिली आणि दोन हजार रुपये आगाऊ भरले. केक न्यायला गेले तर पाटी तीच, काच तीच, ओव्हनमागचा मुलगाही तोच, पण गल्ल्यावर नवीन गृहस्थ. ‘ते पैसे जुन्या मालकांना दिलेत, त्यांनाच विचारा.’ जुन्या मालकांचा फोन लागेना. कंपनीच्या कस्टमर केअरनं ‘ते फ्रँचायझी आउटलेट आहे’ म्हणून फोन ठेवला. नातेवाईक तेव्हा पूर्ण पैसे मोजून केक घेऊन आले, पण नवीन बिलही जपून ठेवलं. हे बरं केलं.

आगाऊ रकमेच्या पावतीवरचा क्रमांक आणि नवीन बिलावरचा क्रमांक वेगळे निघाले. जुन्यात सहावं अक्षर P, नव्यात F. पोर्टलवर जुनी नोंदणी रद्द झालेली, नवी त्याच महिन्यातली, आणि दोन्हींचा मुख्य पत्ता तोच गाळा. म्हणजे दुकान विकलं गेलं होतं, आणि ब्रँडनं नव्या माणसाला पाटी चालू ठेवायला परवानगी दिली होती. वहिनींनी दोन्ही पावत्यांचे फोटो, दोन्ही नावं आणि दोन्ही तारखा एका ईमेलमध्ये घालून कंपनीला विचारलं: तुमच्या नावानं घेतलेली आगाऊ ऑर्डर हस्तांतराच्या वेळी कुणाकडे सोपवलीत? मग एरिया मॅनेजरचा फोन आला आणि पैसे परत मिळाले. ‘तुमच्या दुकानात फसवलं’ एवढंच लिहिलं असतं तर उत्तर पुन्हा कस्टमर केअरचंच आलं असतं, असं मला वाटतं.

ही पद्धत फसते कुठे, तेही पाहू. पहिली जागा म्हणजे घरपोच मागवलेलं जेवण. 1 जानेवारी 2022 पासून डिलिव्हरी ॲपवरून मागवलेल्या हॉटेलच्या खाण्यावरचा जीएसटी ॲपच भरतं, त्यामुळे तिथल्या बिलावर ॲपचा क्रमांक दिसू शकतो आणि तो हॉटेलचा समजून लोक गोंधळतात. अशा वेळी अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बघावा. हा परवाना जागेगणिक वेगळा असतो, ॲपमध्ये हॉटेलच्या पानाच्या तळाशी दिलेला असतो, खाद्यपदार्थांच्या बिलावर छापणंही बंधनकारक आहे. foscos.fssai.gov.in वर तो घातला की परवानाधारकाचं नाव आणि पत्ता मिळतो. दुकानात गेलात तर हाच परवाना भिंतीवर, बहुधा देवाच्या फोटोच्या शेजारी, फ्रेम करून लावलेला सापडेल.

दुसरी जागा कपड्यांची आणि बुटांची दुकानं. तिथे अनेकदा माल कंपनीचा, बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर, आणि गाळा, फर्निचर, विजेचं बिल, नोकरांचा पगार स्थानिक माणसाचा; त्याला विक्रीवर कमिशन. फोको प्रकारातही गुंतवणूक करणाऱ्याचं नाव बिलावर येईलच असं नाही. म्हणजे बिल सांगतं ते ‘तुम्हाला वस्तू कुणी विकली’ एवढंच. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं, कारण परतावा मागायचा तो विकणाऱ्याकडे. पण तिथे नोकरी करणाऱ्याचा पगार थकला असेल, तर बिलाचा काही उपयोग नाही. त्यानं नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, बँकेत पगार कुणाच्या खात्यातून जमा झाला ते आणि पीएफच्या पासबुकातलं आस्थापनेचं नाव बघावं.

प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं, तर बिलावरचा विक्रेता आणि ब्रँडची कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करावं. फ्रँचायझी स्वतंत्र आहे, आमचा संबंध नाही, असं कंपनीचा वकील म्हणणारच. करारात तसं लिहिलेलं असतं. पण तो करार त्या दोघांमधला, तुम्ही त्यावर सही केलेली नाही. 2019 च्या कायद्यानं तक्रार आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. एवढ्या काळात थर्मल कागदावरचं बिल कोरं होऊन जातं, म्हणून मिळाल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा, क्रमांकाची ओळ नीट वाचता येईल असा.