ताळा जुळला, उत्तर चुकलं

संध्याकाळच्या शिकवणीला येणाऱ्या बारावीतल्या एका मुलाने परवा वही माझ्यापुढे सरकवली. इंटिग्रेशनचं उदाहरण होतं. अंशाची कोटी छेदापेक्षा मोठी, म्हणून आधी भागाकार करून घ्यायचा, एवढं त्याला ठाऊक होतं. भाज्य 2x⁴ − 5x² + 7, भाजक x² − x + 1. त्याचं उत्तर: भागाकार 2x² − 3, बाकी 2x + 3. पुस्तकातलं उत्तर वेगळं. "सर, पुस्तकात छापायची चूक असणार. मी ताळासुद्धा केलाय."

ताळा त्याने खरोखरच केला होता. x = 1 घातलं की भाज्य होतं 2 − 5 + 7, म्हणजे 4. भाजक 1, त्याचा भागाकार −1 आणि बाकी 5. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी: 1 × (−1) + 5, म्हणजे 4. जुळलं की! क्षणभर मीही चाचपडलो. मग त्याची मांडणी पाहिली.

त्याने भाज्य दिलं होतं तसंच, तीन पदांचं उतरवून घेतलं होतं. पहिला भाग 2x² चा बरोबर लावला, भाजकाला गुणून 2x⁴ − 2x³ + 2x² हेही बरोबर आणलं. पण ते लिहिताना 2x⁴ खाली 2x⁴ आलं आणि पुढे −5x² खाली −2x³, तर 7 खाली 2x² जाऊन बसलं. तीन पदं वर, तीन पदं खाली, दिसायला सगळं नीटनेटकं. त्याने वजाबाकी केली ती आकड्यांची: −5 मधून −2 गेले, उरले −3, 7 मधून 2 गेले, उरले 5. नावं वरच्या ओळीतून उचलली आणि लिहिलं −3x² + 5. पुढे −3 चा भाग लावताना पुन्हा तीच गफलत, 5 च्या खाली 3x. आकडेमोडीत म्हणाल तर एकही चूक नाही. आंब्यांतून पेरू वजा झाले, एवढंच.

गाळलेली पदं शून्य सहगुणक देऊन लिहायची, हे नववीतच शिकवलेलं असतं. सहगुणक रूपात हीच बहुपदी (2, 0, −5, 0, 7) अशी लिहिली जाते आणि ती शून्यं विसरली तर संश्लेषक भागाकार पहिल्या पायरीलाच कोलमडतो. पण संश्लेषक पद्धत शिकवतात ती x − a सारख्या एक कोटीच्या भाजकासाठी. भाजक दुसऱ्या कोटीचा आला की मुलं लांबलचक भागाकाराकडे वळतात आणि शून्यं तिकडेच राहून जातात. खरं तर 2005 लिहिताना मधली शून्यं कुणी गाळत नाही. x³ चं घरही तसंच, शतकाच्या घरासारखं. आज तिथे कुणी नाही म्हणून घर पाडायचं नाही, कारण पहिल्याच वजाबाकीनंतर तिथे 2x³ राहायला येणार आहे.

मी त्याला चौकटीची वही दिली आणि एका घाताला एक उभा रकाना आखून मांडायला सांगितलं.

```
                    2x² + 2x − 5
x² − x + 1 ) 2x⁴ + 0x³ − 5x² + 0x + 7
             2x⁴ − 2x³ + 2x²
             ------------------
                   2x³ − 7x² + 0x
                   2x³ − 2x² + 2x
                   ----------------
                       − 5x² − 2x + 7
                       − 5x² + 5x − 5
                       ---------------
                             − 7x + 12
```

पहिल्या वजाबाकीत 0x³ मधून −2x³ जातात आणि 2x³ उरतात. ही पायरी सावकाश करावी. शून्यातून उणे वजा करताना चिन्ह बदलायचं राहून जातं आणि तिथे −2x³ लिहिलं की पुढचा सगळा भागाकार वाकडा जातो. मी मुलांना खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह पेन्सिलीने बदलून सरळ बेरीज करायला लावतो. दुसऱ्या पायरीत 0x खाली उतरवतानाही हात अडखळतो. शून्यच तर आहे, उतरवायचं कशाला? पण लगेच त्यातून 2x जायचे आहेत, आणि त्याचे −2x होणार आहेत.

−7x + 12 पाशी मुलगा थांबला. "सर, अजून भाग जाईल का?" x² चा −7x ला भाग लावायचा तर −7/x लागेल, आणि ते बहुपदीचं पद नाही. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी झाली की थांबायचं. इथे लहान-मोठं ठरतं ते कोटीवरून, किमतीवरून नाही. x = 10 घालून पाहा: भाज्य 19507, भाजक 91, भागाकार 215 आणि बाकी चक्क −58. साध्या भागाकारात शाळेत अशी उणे बाकी कुणी चालवून घेणार नाही. तिथे भागाकार 214 आणि बाकी 33 येईल. बहुपदीत मात्र −7x + 12 हीच बाकी, आणि ती एकच.

आता उत्तर लिहायचं कसं? भागाकार, आणि त्यात बाकी भागिले भाजक मिळवायचं:

2x² + 2x − 5 + (−7x + 12)/(x² − x + 1)

बाकी नुसती मिळवली तर ते उत्तर नव्हे. तिला अजून भाग लागायचा आहे, म्हणून ती भाजकाच्या डोक्यावर बसते. 19 ला 3 ने भागून आपण 6 पूर्णांक 1/3 लिहितो, त्यातलाच हा प्रकार. उणे चिन्ह पुढे काढायचं असेल तर दोन्ही पदांचं चिन्ह पालटतं, म्हणजे −(7x − 12)/(x² − x + 1). इथे 12 चं चिन्ह बदलायचं विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आमच्या या मुलाने तेही केलं, मग स्वतःच खोडलं.

राहता राहिला ताळा. x = 1 घातलं की x⁴, x³, x² सगळेच 1 होतात. मग तपासली जाते ती फक्त सहगुणकांची बेरीज. आकडा एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात टाकला तरी बेरीज तीच राहते. म्हणजे गाळलेल्या पदांमुळे जी चूक होते, नेमकी तीच या ताळ्याला दिसत नाही. x = 0 वरही भिस्त ठेवता येत नाही, कारण तिथे फक्त अचल पदं तपासली जातात.

x = 2 घाल म्हटलं. भाज्य 32 − 20 + 7, म्हणजे 19, भाजक 3. त्याच्या जुन्या उत्तरातून आलं 3 × 5 + 7, म्हणजे 22. नव्या उत्तरातून 3 × 7 − 2, म्हणजे 19. त्याने पुस्तकातल्या उत्तरावर पेनने केलेली फुली खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला, कागद तेवढा फाटला.

x = 2 जुळलं म्हणजे उत्तर बरोबरच, असंही नाही. भाज्य चौथ्या कोटीचं असेल तर x च्या पाच वेगवेगळ्या किमतींना दोन्ही बाजू जुळाव्या लागतात, तेव्हा खात्री होते. परीक्षेत एवढा वेळ नसतो. एकच किंमत घालायची असेल तर 2 घाला, 1 घालू नका.