लाईट गेल्यावर किती तास? पाट्यांवरून मांडलेला हिशोब

१५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. घरात ४९२ वॉटचा भार असेल, तर साध्या भागाकाराने साडेतीन तासांहून थोडा जास्त बॅकअप निघतो. प्रत्यक्षात तो सव्वादोन तासही पुरत नाही. हा फरक कुठे जातो हे समजलं, की इन्व्हर्टर घेताना फसगत होत नाही.

पंढरपुरातलं प्रदक्षिणा मार्गावरचं, आषाढीत वारकऱ्यांना खोल्या देणारं एक घर उदाहरणाला धरू. पहिलं काम म्हणजे मोबाईलवर प्रत्येक उपकरणाच्या पाटीचा फोटो काढणं. टीव्हीची पाटी मागे असते. छताच्या पंख्याची बहुधा मोटारीच्या वरच्या अंगाला असते. तिथे मेन स्विच बंद करून शिडीवरूनच पोचावं. फ्लॅश चमकून अक्षरं पुसट आली, तर फोन थोडा तिरका धरावा.

फोटो मोठा करून वाचताना चूक होते ती चार्जर आणि अडॅप्टरच्या पाटीवर. राऊटरच्या अडॅप्टरवर इनपुटला ‘२४० व्होल्ट, ०.५ अँपिअर’ छापलेलं असतं. त्यांचा गुणाकार केला तर १२० वॉट होतात. पण तो आकडा जास्तीत जास्त खेचल्या जाणाऱ्या प्रवाहाचा आहे. खरा अंदाज आउटपुटवरून येतो: १२ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट. अशा दोन-तीन चुका झाल्या की गरजेपेक्षा मोठा इन्व्हर्टर घरात येतो.

आता बेरीज. ७५ वॉटचे चार पंखे ३००, २० वॉटच्या पाच एलईडी ट्यूब १००, टीव्ही ६०, राऊटर १२ आणि मोबाईलचे दोन चार्जर २०. एकूण ४९२ वॉट. इन्व्हर्टर मात्र व्हीएमध्ये विकला जातो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४९२ भागिले ०.८ म्हणजे ६१५ व्हीए, आणि चतुर्थांश राखीव धरून साधारण ७७०. म्हणून ९०० व्हीएचा पुरतो. दुकानात ९०० व्हीए म्हणजे ९०० वॉट समजू नका; त्याच्या पाटीवर वॉटचा वेगळा, कमी आकडा असतो, तो पाहा.

फ्रीज आणि पाण्याची मोटार या बेरजेत नाहीत, आणि ते मुद्दाम. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर ०.३७ किलोवॉट छापलेलं असतं. ती मोटारीने दिलेली ताकद आहे, वीज ती त्याहून जास्त खाते. शिवाय सुरू होताना काही क्षण कित्येक पट प्रवाह ओढते, तेव्हा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. टाकी आधीच भरून ठेवावी.

आता तासांकडे येऊ. इन्व्हर्टर बॅटरीतल्या विजेपैकी साधारण ८५ टक्केच घराला देतो, म्हणून ४९२ वॉटसाठी बॅटरीतून ५७९ वॉट, म्हणजे ४८ अँपिअर निघतात. मोठी गळती पुढे आहे. १५० हा आकडा वीस तास हळूहळू, ७.५ अँपिअरने, वीज काढल्यावर मिळणारा असतो. जोरात काढली की बॅटरी कमी देते. ४८ अँपिअरला १५० पैकी सुमारे १०५च हाती येतात, आणि उत्तर निघतं दोन तास दहा मिनिटं.

रात्री फक्त तीन पंखे, ९ वॉटचा एक दिवा आणि राऊटर ठेवले, तर भार २४६ वॉट, बरोबर निम्मा. वेळ मात्र दुपटीहून जास्त, सुमारे सव्वापाच तास. माझ्या मते पैसे घालायची जागा हीच आहे: चार पंखे ३० वॉटचे बीएलडीसी घेतले, तर दिवसाचा भार ३१२ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी पावणेचार तासांच्या आसपास चालते. हे आकडे नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे आहेत. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे एकाच दिवशी दोनदा लाईट गेली तर दुसऱ्या वेळी हा आकडा मिळणार नाही.

वारीत मात्र हिशोब बदलतो. दहा वारकऱ्यांचे फोन १० वॉटच्या चार्जरवर लावले, की रात्रीचा भार २४६ वरून ३४६ होतो. लाईट असतानाच फोन भरून घ्यायला सांगितलं, तर पंखे रात्रभर साथ देण्याची शक्यता वाढते.

खरेदीआधी एक पडताळणी करा. विजेच्या मीटरवर युनिटमागे किती पल्स, हे छापलेलं असतं. ३,२०० असतील तर फक्त यादीतली उपकरणं चालू ठेवा, आधीचा इन्व्हर्टर असल्यास त्याचं चार्जिंग बंद करा आणि मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ४९२ वॉटला साधारण २६ वेळा लुकलुकायला हवा. पस्तीस भरले, तर यादीतलं एखादं उपकरण पाटीपेक्षा जास्त वीज खातंय किंवा एखादी पाटी वाचायची राहिली आहे. आधी ती शोधा, मग दुकानात जा.